वही होती, बेरीज नव्हती: “किती दमलीस” विचारण्याविरुद्धच्या मेसेजला उत्तर

“क्रीडा शिक्षक मित्रहो, हल्ली काही हुशार लोक प्रॅक्टिस झाली की पोरापोरींना ‘१० पैकी किती दमलास’ विचारून वह्या भरत बसतात. एक, पोरं खोटंच सांगतात. दोन, मोजायचंच असेल तर जीपीएसचं घड्याळ लागतं, ते नसेल तर नुसती मिनिटं मोजा, तेवढं बस. तीन, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात डबल प्रॅक्टिस घेतल्याशिवाय टीम तयार होत नाही. चार, दुखापतीची एवढीच भीती वाटते तर दर आठवड्याला १० टक्केच वाढवा, दुखापत होणारच नाही. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.”

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, एकावर तर आमच्याच तालुक्यातल्या एका सरांनी खाली तीन अंगठे टाकून. मी तापीकाठच्या एका गावात १७ वर्षांखालच्या मुलींची खो-खो टीम घेतो, चोपडा-यावलकडचा केळीचा पट्टा. पोरी आठवी ते दहावीच्या. आणि मी तोच वही भरणारा हुशार माणूस आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. प्रॅक्टिस संपून साधारण अर्धा तास झाला की पोरीला विचारायचं, आजची पूर्ण प्रॅक्टिस मिळून किती जड गेली, ० ते १०. तिनं सांगितलेला नंबर गुणिले प्रॅक्टिसची मिनिटं, हा झाला त्या दिवसाचा लोड. ७५ मिनिटं आणि नंबर ४ म्हणजे ३००. आठवड्याची बेरीज म्हणजे आठवड्याचा लोड, बस. मेहनत आकड्यात सांगायची ही कल्पना स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाची, आणि अख्ख्या सेशनला एकच नंबर देऊन मिनिटांनी गुणायची युक्ती अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांची, त्यांचा यावरचा गाजलेला पेपर २००१ चा. इंग्रजीत याला सेशन आरपीई म्हणतात, आमच्या पोरी “नंबर” म्हणतात.

आता उत्तर, आणि सुरुवात तिसऱ्यापासून, कारण ते पाप मी स्वतः केलेलं आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही जिल्हा जिंकून विभागाला गेलो आणि विभागाची तारीख आली दिवाळीनंतर, मैदान परत सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी. मी नुकतीच वही सुरू केली होती, रोज नंबर लिहायचो, पण बेरीज करायची सवय नव्हती, वही म्हणजे आपली हजेरीसारखी. आमची पोलवर पळणारी एक नववीतली पोरगी आहे, तिचं पान समोर ठेवून सांगतो.

दिवाळीआधीचा तिचा साधा आठवडा असा: सोमवारी ७५ मिनिटं नंबर ४, मंगळवारी ६० मिनिटं नंबर ६, बुधवारी सुट्टी, गुरुवारी ७५ मिनिटं नंबर ५, शुक्रवारी ६० मिनिटं हलकं काम नंबर ३, शनिवारी ९० मिनिटं मॅच खेळवली तेव्हा ७, रविवारी सुट्टी. म्हणजे ३००, ३६०, ३७५, १८० आणि ६३०, एकूण १८४५. त्याच्या पुढचा आठवडा १९००. मग दिवाळी. पोरी मामाच्या गावाला, फराळ, पाहुणे, कापूस वेचायला घरच्यांसोबत शेतात. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात ती एकदाच अर्धा तास खेळली, १५०. दुसऱ्यात एक तास, ३००.

आणि मग मी, विभाग तोंडावर आला म्हणून, सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस लावली. सकाळी ४५ मिनिटं नुसतं पळणं, त्याला तिचा नंबर रोज ४ म्हणजे १८०. संध्याकाळी ९० मिनिटं खेळ, तिथं सोमवार ते शुक्रवार तिचे नंबर आले ६, ७, ७, ८, ८. शनिवारी एकच वेळ, ९० मिनिटं नंबर ५. सगळी बेरीज केली तर ४५९०. म्हणजे तिच्या साध्या आठवड्याच्या अडीच पट. आणि त्याच्या मागच्या चार आठवड्यांची सरासरी काढली, १८४५, १९००, १५० आणि ३००, तर ती येते १०४९, त्याच्या जवळजवळ साडेचार पट. ही बेरीज मी केली स्पर्धा संपून घरी आल्यावर.

त्यातही बेरजेच्या आधीच एक गोष्ट डोळ्यासमोर होती आणि मला दिसली नाही, ती म्हणजे संध्याकाळचे ते पाच नंबर. काम रोज तेच होतं, तीच साखळी, तेच डाव, तीच ९० मिनिटं, आणि नंबर सहावरून आठवर चढला. काम तेच असून नंबर चढत जातो तेव्हा पोरीची ताकद वाढत नसते, थकवा साठत असतो, उलट अंगात तयारी येत असती तर त्याच कामाला नंबर हळूहळू उतरला असता. मी मात्र आठ बघून खूश, की वा, आज जोर लावला पोरींनी.

शनिवारपर्यंत तीन पोरींची नळी दुखायला लागली होती, म्हणजे पायाच्या पुढच्या हाडाची आतली कड, आणि आठवीतली एक, जी त्या वर्षी भराभर उंच झाली होती, तिच्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं, हात लावू देईना. हे टेंगूळ वाढीच्या वयातच होतं, मांडीच्या स्नायूचा पट्टा नळीच्या हाडाला जिथं चिकटतो तिथलं हाड अजून कच्चं असतं, आणि पळणं, उडी, अचानक थांबणं यात तो पट्टा तिथंच ओढत राहतो. डॉक्टर याला ऑस्गुड-श्लाटर म्हणतात. घाबरण्यासारखं नसतं पण कित्येक महिने रेंगाळतं, आणि त्या पोरीला तर विभागात बेंचवर बसावं लागलं.

आम्ही विभागात दुसऱ्या मॅचला हरलो. ते यामुळेच हरलो असं मी म्हणणार नाही, समोरची टीम चांगली होती, आणि एका टीमच्या एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नसतं. पण डबल प्रॅक्टिसनं मिळालं काय ते सांगतो. दम, ताकद हे शेवटच्या सात दिवसांत तयार होत नाही, शरीर त्याला आठवडेच्या आठवडे घेतं, त्यामुळे त्या आठवड्यात जे साठलं तो नुसता थकवा, आणि तो घेऊनच पोरी एसटीत बसल्या. जगभरात मोठ्या स्पर्धेच्या आधी जे करतात ते याच्या उलटं आहे, मिनिटं बऱ्यापैकी कमी करायची, कधी निम्म्यावर सुद्धा आणायची, पण जोर तोच ठेवायचा, म्हणजे पळणं थोडं पण पूर्ण स्पीडनं.

मग बारा दिवसांत करायचं काय होतं? पुढच्या खेपेला अशीच सुट्टीनंतरची स्पर्धा आली तेव्हा मी पहिला आठवडा लावला सोमवारी ४५ मिनिटं चार नंबरचं काम, मंगळवारी ४५ मिनिटं सहाचं, बुधवार सुट्टी, गुरुवारी एक तास पाचचं, शुक्रवारी अर्धा तास तीनचं, शनिवारी एक तास मॅच, अंदाजे सहा. बेरीज १२००. साध्या आठवड्याच्या दोन तृतीयांश. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी ४५ मिनिटं सहाचं, मंगळवारी अर्धा तास सहाचं, बुधवार सुट्टी, गुरुवारी अर्धा तास चारचं, म्हणजे ५७० आणि शुक्रवारी सरळ स्पर्धा. हे नंबर आधी मी ठरवलेले असतात, पोरींनी काय सांगितलं ते शेजारी लिहायचं. मी सहा ठरवलं आणि बहुतेक पोरींनी आठ सांगितलं तर दुसऱ्या दिवशीचं काम कमी होतं, त्यात इज्जतीचा प्रश्न करायचा नाही.

आता खोटं बोलण्याचा मुद्दा. हा पूर्ण चुकीचा नाही, पोरं खोटं सांगतात, पण का सांगतात ते बघा.

माझ्याकडे सुरुवातीला झालं ते असं. एक पोरगी प्रॅक्टिस झाल्यावर म्हणाली, “थकी गऊ सर, ९.” मी म्हटलं बरं, मग उद्याच्या मॅचला तू बस, आराम कर. माझा हेतू चांगला होता हो. पण दुसऱ्या दिवशी वही उघडली तर अख्ख्या टीमचा नंबर ३. बाराच्या बारा पोरींचा. ज्या दिवशी नंबरमुळे एखादीला बाहेर बसवलं किंवा एखादीला “एवढ्यानंच दमली?” म्हणून हसलं, त्या दिवसापासून ती वही बाद झाली समजा. खोटं पोरींनी नाही शिकवलं, मी शिकवलं.

तर आता विचारण्याची पद्धत बदललीय. सगळ्यांसमोर ओरडून विचारायचं नाही, एकीनं सांगितलेला नंबर दुसरीला ऐकू गेला की ती तोच सांगते. आमच्या शाळेतल्या एक मॅडम वही घेऊन गेटजवळ उभ्या राहतात, पोरगी सायकल काढायला आली की बोटानं कार्डावर दाखवते आणि जाते. मॅडमकडे दिल्याचा दुसरा फायदा म्हणजे पाळीच्या दिवसांत जड जातं तेव्हा पोरी त्यांना सांगतात, मला कधीच सांगितलं नसतं. प्रश्न नेहमी एकच, “आजची पूर्ण प्रॅक्टिस मिळून कशी गेली?” आत्ता किती दमलीस असं विचारायचं नाही, आणि संपल्या संपल्या लगेच तर नाहीच, कारण शेवटची दहा मिनिटं पळवलं असेल तर तेवढंच डोक्यात असतं आणि नंबर चढतो, शेवटी गप्पा मारत स्ट्रेचिंग केलं तर उतरतो. अर्धा तास थांबायचं कारण तेच. पोरी घरी लवकर पळतात म्हणून आम्हाला वीसच मिनिटं मिळतात, पण रोज वीसच, कधी पाच कधी चाळीस असं नाही.

कार्डावर नंबरासोबत शब्द हवेत, नुसते आकडे दिले तर प्रत्येकीचं पाच वेगळं. आमचं कार्ड असं: ० आराम, १ एकदम सोपं, २ सोपं, ३ ठीकठाक, ४ थोडं जड, ५ जड, ७ खूप जड, १० याच्यापुढे जमूच शकत नाही. मधल्या ६, ८, ९ ला शब्द नाहीत, ते मधले म्हणूनच आहेत. आणि १० म्हणजे काय ते पोरीला शब्दानं कळत नाही, अंगानं कळतं, म्हणून नवीन पोरगी आली की एकदा तिला जीव तोडून पळायला लावतो, पोल ते पोल, पाय उचलेना होईपर्यंत, आणि मग कार्डावर १० दाखवतो. तरी पहिले दोन-तीन आठवडे नंबर उड्याच मारतात, ते लिहायचे पण त्यावरून काही ठरवायचं नाही.

एवढं करून पण खोटं येतंच, मात्र ते ओळखू येतं. महिनाभर रोज ५ सांगणारी पोरगी, मॅच असो नाहीतर नुसतं स्ट्रेचिंग, ती कार्ड बघतच नाहीये. दोन मैत्रिणींचे नंबर पंधरा दिवस हुबेहूब सारखे, तर एक दुसरीचं बघून सांगतेय. आणि जिथं सगळ्या टीमचं ४ आणि एकीचंच ८, तिथं खोटं समजण्याच्या आधी चौकशी करा. आमच्याकडे एकदा अशीच आठ सांगणारी निघाली ती पहाटे भावासोबत भरतीच्या तयारीला पळत होती, भाऊ पोलीस भरतीचे १६०० मीटर मारायचा आणि ही त्याच्या मागे, रोज, आणि संध्याकाळी परत आमच्याकडे. तिच्या पानावर मी लिहिलेला लोड अर्धाच होता. तेव्हापासून दुसरीकडे पळालेलं, शाळेतला पीटीचा तास, गल्लीतला खेळ हे पण विचारून बेरजेत धरतो. कापूस वेचणी किंवा केळीचे घड वाहणं मात्र बेरजेत धरत नाही, बाजूच्या रकान्यात नुसतं “शेत” लिहितो, कारण पाच तास वेचणी गुणिले ४ केलं तर १२०० येतात आणि आठवड्याचा आकडा त्यातच बुडतो, पण त्या दिवशी आठ का आलं ते कळायला तो शब्द पुरतो.

घड्याळाबद्दल. जीपीएस चांगलंच आहे, कोणी दिलं तर मी हसत घेईन. पण ते काय सांगतं, तर पोरगी किती मीटर पळाली, किती स्पीडनं. तेवढं पळणं तिला पडलं किती ते सांगत नाही, आणि नंबर नेमकं तेच सांगतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ च्या घरात असतो, संध्याकाळी सहाला सुद्धा मैदान तव्यासारखं. डिसेंबरात ६० मिनिटांची जी प्रॅक्टिस पोरींना ५ जाते, तीच मे मध्ये ८ जाते. मीटर तेवढेच, मिनिटं तेवढीच, पण ३०० चे ४८० झाले. नुसती मिनिटं मोजणाऱ्या सरांच्या वहीत दोन्ही दिवस सारखेच दिसणार.

खो-खोत तर मिनिटांनी अजूनच फसायला होतं. चौकात बसणाऱ्या पोरी बराच वेळ बसलेल्या असतात, पळणारी तेवढ्यात डाव टाळत तीन मिनिटं जीव घेऊन पळत असते, आणि प्रॅक्टिस दोघींची ७५ मिनिटंच. एकीचा नंबर ३ आणि दुसरीचा ७, म्हणजे २२५ आणि ५२५. म्हणूनच टीमची सरासरी काढून समाधान मानायचं नाही, पान प्रत्येकीचं वेगळं पाहिजे. मिनिटं कुठून कुठपर्यंत धरायची यावर पण लोक भांडतात, मी वॉर्मअप सुरू झाल्यापासून शेवटचा डाव संपेपर्यंत धरतो, पाण्याची सुट्टी त्यातच, आधीचं माझं भाषण त्यात नाही. तुम्ही वेगळं धरा, फक्त मधेच बदलू नका, नाहीतर ऑगस्टचा आकडा आणि ऑक्टोबरचा आकडा एकमेकांशी बोलणारच नाहीत.

हां, नंबरला जमत नाही असं पण आहे. ९० मिनिटं गुणिले ३ म्हणजे २७० आणि ३० मिनिटं गुणिले ९ म्हणजे पण २७०, पण पहिल्यात पोरगी निवांत होती आणि दुसऱ्यात पोल डाइव्ह मारून कोपरं सोलून घेतली होती, बेरजेला ते दिसत नाही. दुखणं कुठे आहे ते पण नंबर सांगत नाही. म्हणून वहीत नंबराच्या शेजारी एक रकाना “कुठे दुखतंय” चा आहे, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा तोच जास्त कामाचा निघतो. नळी दुखते म्हणाली तर अंगठ्यानं दाबून बघतो. हाडाच्या कडेला पंजाभर लांब पसरून दुखत असेल तर पळणं कमी करून बघता येतं. पण एका बोटाएवढ्या जागी, हाडावरच, नेमकं दुखत असेल, किंवा रात्री झोपेत दुखतं म्हणाली तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे, कारण ती हाडाला बारीक तडा जाण्याची सुरुवात असू शकते आणि सुरुवातीच्या एक्सरेत ती दिसत पण नाही, एक्सरे साफ आला म्हणून लगेच मैदानात आणायचं नाही.

राहिला १० टक्क्यांचा नियम. हा मेसेज लिहिणाऱ्याचा सगळ्यात गोड मुद्दा, कारण ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतो. पण माझ्या त्या पोरीचंच पान घ्या. दिवाळीनंतर ती ३०० वर होती. दर आठवड्याला १० टक्के वाढवत गेलो तर ३३०, मग ३६३, मग ३९९, असं करत परत १८४५ ला पोहोचायला १९-२० आठवडे लागतील, म्हणजे दिवाळीला सुरू केलं तर पोरीची परीक्षा पण होऊन जाईल. दोन आठवडे सुट्टी घेतली म्हणून शरीर सगळं विसरत नाही, म्हणून तर मी वर १२०० वरून सुरू केलं. उलट जी पोरगी आधीच ४००० च्या आसपास ताणली गेलीय तिला अजून ४०० वाढवून द्या, नियम पाळला गेला, पोरगी मेली.

आणि “होणारच नाही” हे तर कोणीच म्हणू शकत नाही. नेदरलँडमध्ये नव्यानं पळायला लागलेल्या मोठ्या माणसांवर हे करून बघितलंय, २००८ ला छापून आलं, एका गटाला १० टक्क्यांच्या बेतानं हळूहळू वाढवलं, दुसऱ्याला नेहमीच्या, जरा वेगानं वाढणाऱ्या प्रोग्रामनं, आणि दोन्ही गटांत दुखापती साधारण २० टक्के, फरक नाहीच. ते नवीन पळणारे होते, खो-खोच्या पोरी नव्हत्या, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

त्या मेसेजच्या खाली एका सरांनी कमेंट केलीय की १० टक्के जुनं झालं, आता गुणोत्तर बघतात, चालू आठवडा भागिले चार आठवड्यांची सरासरी, १.५ च्या वर गेलं की धोका. हे ऑस्ट्रेलियाच्या टिम गॅबेट यांच्या २०१६ च्या पेपरनं पसरलं, ०.८ ते १.३ सुरक्षित आणि १.५ च्या वर धोक्याचं. पण त्यावर नंतर संशोधकांनीच भरपूर टीका केलीय, आणि एक घोळ तर माझ्या वहीतच दिसतो. मागचे चारच आठवडे सरासरीत धरले तर तिचं गुणोत्तर ४.४ आलं. पण बरेच जण चालू आठवडा पण सरासरीत धरतात, म्हणजे १९००, १५०, ३०० आणि ४५९०, सरासरी १७३५, आणि गुणोत्तर २.६. पोरगी तीच, वही तीच, आकडा साधारण चाळीस टक्क्यांनी कमी. शिवाय चालू आठवडा आत धरला की हे गुणोत्तर ४ च्या वर जाऊच शकत नाही, मागचे तिन्ही आठवडे शून्य असले तरी, चौथी इयत्तेचं गणित आहे. ते आकडे मोठ्या, व्यावसायिक खेळाडूंच्या टीमांवरून आलेले, त्यावरून आठवीतल्या पोरीला १.४९ ला खेळवायचं आणि १.५१ ला बसवायचं याला अर्थ नाही.

मी काय करतो तर रविवारी रात्री जेवण झालं की प्रत्येकीची बेरीज करतो, पेन्सिलनं, साध्या कागदावर आठवड्याचे खांब काढतो आणि डोळ्यानं बघतो. तिच्या नेहमीच्या आठवड्याच्या मानानं हा खांब किती, आणि मागच्या तीनेक आठवड्यांच्या मानानं किती, दोन्ही बघायचं, एकच बघितलं तर दिवाळीसारखी सुट्टी फसवते. खांब शेजाऱ्यांपेक्षा चतुर्थांशापेक्षा जास्त उंच दिसला तर थांबून कारण शोधतो. हा चतुर्थांश माझा आहे, कुठल्या पेपरमधला नाही, तुमच्या टीमला तो कमी-जास्त करावा लागेल. मुलगी उंच व्हायला लागली असेल तर मी तो अजून कमी धरतो, त्यासाठी दर तीन महिन्यांनी वर्गाच्या दारामागं भिंतीवर सगळ्यांची उंची मारून ठेवतो. मुलींमध्ये हा वाढीचा झटका साधारण १२ च्या आसपास येतो आणि मुलांमध्ये १४ च्या, त्यामुळे मुलांची टीम असेल तर नेमक्या आठवी-नववीलाच सांभाळावं लागतं.

बाकी खांब उंच होण्याची कारणं दरवर्षी तीच तीन-चार असतात आणि ती कॅलेंडरवर आधीच दिसतात. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तिचा पहिला आठवडा. श्रावणात आमच्या खान्देशातल्या सणाची कानबाई बसली की दोन-तीन दिवस कोणी मैदानावर येत नाही, आणि नंतर सर म्हणतात बुडालेलं भरून काढू. दिवाळी. आणि तालुक्याची तारीख अचानक पुढे आली की. बुडालेलं भरून काढायचं नाही, एवढंच मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलंय. कानबाई झाल्यावरच्या सोमवारी या वर्षी मी ४५ मिनिटं लावली, चारचं काम म्हणून. पोरींनी सांगितलं ६. कानबाईच्या प्रसादाचे रोट खाऊन आलेल्या सगळ्या. मंगळवारची प्रॅक्टिस मी अर्ध्या तासाची केली.